गिझर, बंद खिडकी आणि ९८ चा आकडा

"भाऊ गॅस गिझर लावून आंघोळ करताना चक्कर येऊन पडला. ऑक्सिमीटर मात्र ९८ दाखवत होता. मशीन बिघडलं होतं का?"

बिघडलं नसणार, ताई. ते बोटातून दोन प्रकाश सोडतं, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० च्या आसपासचा इन्फ्रारेड. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन लाल जास्त शोषतं, ऑक्सिजन असलेलं इन्फ्रारेड. नाडीच्या ठोक्यासरशी शोषण जेवढं वरखाली होतं, त्याच्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढली जाते.

पण दोन प्रकाशांत दोनच प्रकार ओळखता येतात. आपल्या मुंबईच्या फ्लॅटमधली बाथरूम म्हणजे काडेपेटी, त्यात पावसाळ्यात खिडकी घट्ट बंद. हवा कमी पडली की गिझरच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याने अडवलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाशाला जवळपास ऑक्सिजन असलेल्यासारखंच दिसतं. समजा ३० टक्के अडलं, तर ऑक्सिजन खरा ७० टक्क्यांच्या आतच, पडद्यावर मात्र ९७-९८. ओठही निळे पडत नाहीत.

मी आयसीयूत काम केलंय. अशा वेळी आम्ही आकड्याकडे बघत बसत नाही. डोकेदुखी, मळमळ, गिझर एवढं कळलं की मास्कने पूर्ण ऑक्सिजन सुरू, आणि रक्ताचा नमुना को-ऑक्सिमीटरला. तो जास्त तरंगलांबी वापरतो, म्हणून अडलेलं हिमोग्लोबिन वेगळं मोजतो. ऑक्सिजन लावल्यावर अडलेलं प्रमाण साधारण तासा-दीड तासात निम्म्यावर येतं, साध्या हवेत चार-पाच तास लागतात. भावाला अजून दाखवलं नसेल, तर आजच न्या.