आधी वासरू, मग विषय

«‘विषय लिहा, गाणं सापडेल’ म्हणता, पण मला काही सापडलं नाही. आई गुणगुणायची ते मुलीच्या विदाईचं गाणं हवंय. बाईचा आवाज, संथ चाल, कुठेतरी वासरू होतं. शब्द एकही आठवत नाही. विदाईच्या गाण्यांच्या चार याद्या पालथ्या घातल्या. सल्ला कुचकामी!»

ताई, राग मान्य. मी ते वाक्य फारच सोपं करून लिहिलं होतं.

‘विदाई’ हा शब्द हिंदीतून आलेला. मराठी यादीत तो नसेल, ‘पाठवणी’ किंवा ‘सासर-माहेर’ असेल. गाण्यात तर बऱ्याचदा यातलं काहीच नसतं. पी. सावळाराम यांचं ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ हे पाठवणीचंच गाणं, पण पहिल्या ओळीत लग्नही नाही नि सासरही नाही, नुसते डोळे भरलेले. आणि आपल्याकडे गाणी लावलेली असतात ती पहिल्या ओळीवरून.

म्हणून मी आता विषय बाजूला ठेवून विचारतो: बोलतंय कोण, आणि कुणाशी? पाठवणीत आईबाप बोलतात, समोर मुलगी असते, ‘जा’ म्हणतात. तुमच्या वासराला तिथे काम काय? उंबरठ्यावर निरोप घेताना गोठ्याकडे लक्ष कमीच जातं. वासरू आठवतं ते लांब गेल्यावर. म्हणजे बोलणारी मुलगीच असावी, सासरी नांदणारी, आणि निरोप माहेरी धाडणारी. असा निरोप गाण्यात वारा नेतो, नाहीतर पाखरू.

इथवर आलं की फार गाणी उरत नाहीत. माझा अंदाज: ‘घाल घाल पिंगा वाऱ्या माझ्या परसात’. कवी कृ. ब. निकुंब, गायिका सुमन कल्याणपूर. त्यात कपिला गाय आहे आणि तिची खोडकर नंदा, हेच तुमचं वासरू. भादव्यात वर्ष झालं असंही ती मुलगी म्हणते, म्हणजे पाठवणी केव्हाच उरकलीय. विदाईच्या याद्यांत ते मिळालं नाही यात नवल नाही. ऐकताना रडू येतं ते पाठवणीसारखं, म्हणून तुमच्या डोक्यात तसं नोंदलं गेलं. (शोधताना ‘वाऱ्या’ गाळून नुसतं ‘घाल घाल पिंगा’ टाका. तो अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो.)

खात्री मात्र चालीवरून किंवा डोळ्यांतल्या पाण्यावरून करू नका. त्या दोन्ही गोष्टी डझनभर गाण्यांत जुळतील. वासरू जुळलं तरच खरं.

एका ठिकाणी ही युक्ती हरते. आई दळताना दोन-दोन ओळी म्हणायची आणि मधे ध्रुवपद नसायचं, तर ती ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या आणि विषयवार लावल्या. त्यात सासरी निघालेल्या लेकीच्या ओव्यांचा ढीग मिळेल, पण आईची नेमकी ओवी तीच, हे सांगणं अवघड. बाई आपल्या लेकीचं, गावाचं नाव घालून ओवी फिरवते.

तेव्हा आधी सांगा, मधे मधे तीच ओळ परत यायची का?