‘असू शकते’ म्हणजे कच्चा पुरावा नव्हे

“शोधनिबंधात ‘सूचित होते’ असे आले की समजावे, लेखकालाच खात्री नाही.”

हे बरोबर नाही. वॉटसन आणि क्रिक यांच्या 1953 च्या निबंधातील डीएनएची रचना उपलब्ध क्ष-किरण निरीक्षणांशी ढोबळमानाने जुळत होती, तरी अधिक अचूक निरीक्षणांशी ताडून पाहीपर्यंत ती असिद्ध मानावी, असे त्यांनी लिहिले. जनुकद्रव्याची प्रत कशी निघते यावर तर प्रयोगच झाला नव्हता. म्हणून तिथे ‘संभाव्य’ यंत्रणा सूचित होते, एवढेच म्हटले, आणि तेवढेच म्हणणे रास्त होते.

1958 मध्ये मेसेल्सन व स्टाल यांनी जड नायट्रोजनवर वाढवलेल्या जिवाणूंवरून दाखवले की, जुन्या रेणूचा अर्धा भाग प्रत्येक नव्या रेणूत जातो. तो अर्धा भाग म्हणजे डीएनएच्या दोन साखळ्यांपैकी एक साखळीच, असे मात्र त्यांनीही ठामपणे म्हटले नाही, कारण प्रयोगाने तेवढे सिद्ध झाले नव्हते.