लसीनंतरच्या तापाबाबत खुलासा

“लस टोचल्यावर बाळाला ताप आला, म्हणजे लसीतूनच आजार अंगात शिरला, पुढचे डोस देऊ नका.” हा संदेश सध्या कोल्हापुरातील पालकांच्या गटांत फिरत आहे.

तो चुकीचा आहे. ६, १० आणि १४ आठवड्यांना डाव्या मांडीत टोचल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीत एकही जिवंत जंतू नसतो. घटसर्प आणि धनुर्वात यांचे निष्प्रभ केलेले विष, डांग्या खोकल्याचे मारलेले जंतू आणि अन्य दोन जंतूंचे अंश, जंतूंपैकी एवढेच तिच्यात असते. शरीरातील पेशी हे अंश परके म्हणून ओळखतात, एकमेकींना रासायनिक इशारे देतात आणि त्या इशाऱ्यांनीच अंग तापते. हे जंतू लक्षात ठेवून मागे राहणाऱ्या स्मृतिपेशी पहिल्या डोसनंतर थोड्याच असतात, म्हणून पुढचे दोन डोस टाळू नयेत.

मी लसीकरणाच्या सत्रांत परिचारिका म्हणून काम करते. गेल्या महिन्यात कसबा बावड्यातील दीड महिन्याच्या बाळाला सकाळी लस दिली. संध्याकाळी ताप १००.६ अंश फॅरनहाइट, मांडीवर बोराएवढी गाठ आणि किरकिर. डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेले पॅरासिटामॉल आणि आईचे दूध यांवर दुसऱ्या दिवशी ताप उतरला. गाठ मात्र काही आठवडे राहिली, तीही निरुपद्रवी. तिच्यावर शेक, हळद किंवा मालिश नको. झटके, तीन तासांहून अधिक अखंड रडणे, सुस्ती किंवा दोन दिवसांपुढे टिकणारा ताप दिसल्यास मात्र लगेच डॉक्टरांकडे जावे.

वरील संदेश कृपया पुढे पाठवू नये.