खुलासा: प्रीव्ह्यू टेक्स्ट रिकामा सोडू नका

"प्रीव्ह्यू टेक्स्ट रिकामा ठेवा, म्हणजे ग्राहकाला इनबॉक्समध्ये नुसता विषय दिसतो."

नागपुरातल्या दुकानदारांच्या ग्रुपांवर फिरणारा हा सल्ला चुकीचा आहे. प्रीव्ह्यू टेक्स्ट म्हणजे इनबॉक्समध्ये विषयापुढे दिसणारी ओळ. ती जागा रिकामी सोडली, की जीमेल मेलमधला पहिला मजकूर स्वतःच उचलून तिथे लावतं.

इतवारीतल्या एका ओळखीच्या दुकानाचा मेल काल आम्ही आमच्याच पत्त्यांवर पाठवून पाहिला. विषय होता "मृग बहाराची संत्री आली". त्यापुढे दिसलं, "मेल नीट दिसत नाही? ब्राउझरमध्ये उघडा". टेम्प्लेटमधली सगळ्यात वरची ओळ तीच होती. मग प्रीव्ह्यूत लिहिलं, "शुक्रवारपर्यंत सांगा, १० किलोची पेटी घरपोच". विषयातली संत्री पुन्हा लिहिली नाहीत. त्यामुळे तेवढ्या जागेत मुदत आणि वजन बसलं. मुदत मुद्दाम आधी घेतली, कारण फोनवर शेपूट कापलं जातं.

मात्र मोठ्या स्क्रीनवर प्रीव्ह्यू संपला, की उरलेल्या जागेत पुन्हा मेलमधला मजकूर येतो. म्हणून ब्राउझरची ओळ तळाशी नेली आणि सुरुवात "नमस्कार"ऐवजी "पेटी काटोलच्या बागेतून थेट येते" अशी केली.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.