दहा वर्षं आधीचे पाच हजार: एका प्रतिक्रियेला उत्तर

दरमहा पाच हजारांची बचत २५व्या वर्षी सुरू केली आणि ३५व्या वर्षी सुरू केली तर साठीला किती पैसे होतात, याचा तक्ता मी एका लेखात दिला होता. त्यावर आलेली प्रतिक्रिया: «तक्ता दिशाभूल करणारा वाटला. पंचविशीतला माणूस दहा वर्षं जास्त पैसे भरतो, मग त्याचे जास्त होणारच. त्यात चक्रवाढीचं कौतुक कसलं? महागाईचा तर उल्लेखही नाही. आणि पंचविसाव्या वर्षी महिन्याला पाच हजार उरतात कोणाला?»

तुमचे तीन आक्षेप आहेत. पहिला मला मान्य नाही, दुसरा मान्य आहे आणि तिसरा अर्धा मान्य आहे.

तक्त्यातले आकडे आधी पुन्हा मांडतो. दरमहा ५,००० रुपये, वार्षिक १० टक्के, दर महिन्याला चक्रवाढ, वयाच्या साठीपर्यंत. २५व्या वर्षी सुरू केलं तर भरणा २१ लाख आणि हातात सुमारे १.९१ कोटी. ३५व्या वर्षी सुरू केलं तर भरणा १५ लाख आणि हातात सुमारे ६६.९ लाख. म्हणजे जास्तीचा भरणा फक्त ६ लाखांचा आहे, फरक मात्र सव्वा कोटीचा.

आता लवकर सुरू करणाऱ्याच्या पैशांचे दोन ढीग करा. एका ढिगात २५ ते ३५ या काळातले हप्ते, दुसऱ्यात ३५ ते ६० मधले. दुसरा ढीग उशिरा सुरू करणाऱ्याच्या पैशांइतकाच आहे, ६६.९ लाखांचा. पहिल्या ढिगात ६ लाख भरले गेले. ३५व्या वर्षी ते १०.३३ लाख झाले आणि पुढची २५ वर्षं त्यांना कोणी हात लावला नाही, तर १.२४ कोटी होतात. या माणसाने पस्तिशीत हप्ते कायमचे बंद केले असते, तरी तो २५ वर्षं हप्ते भरणाऱ्यापेक्षा पुढेच राहिला असता. उलट बाजूने बघायचं तर ३५व्या वर्षी सुरुवात करून १.९१ कोटी गाठायला महिन्याला सुमारे १४,३०० रुपये लागतात, म्हणजे २५ वर्षांत जवळजवळ ४३ लाखांचा भरणा. फरक निव्वळ जास्त भरण्यामुळे पडत असता, तर तो १.४ पट असता, कारण ३५ वर्षं आणि २५ वर्षं यांचं गुणोत्तर तेवढंच आहे. इथे तो २.८६ पट आहे.

एक्सेलमध्ये स्वतः पडताळायचं असेल तर:

```
=FV(10%/12,420,-5000,0,1)
=FV(10%/12,300,-5000,0,1)
```

शेवटचा 1 म्हणजे हप्ता महिन्याच्या सुरुवातीला. इथे हमखास होणारी चूक म्हणजे महिने ४२० लिहायचे आणि दराला १२ने भागायला विसरायचं. मग येणारा आकडा इतका अवाढव्य असतो की लगेच कळतं. दुसरी चूक मात्र लपून राहते. १० टक्क्यांना १२ने भागून दरमहा चक्रवाढ केली की वर्षाचा खरा दर १०.४७ टक्के होतो. वर्षाला नेमके १० टक्केच धरले तर १.९१ कोटींऐवजी १.७१ कोटी येतात. दोन संकेतस्थळांच्या कॅल्क्युलेटरमध्ये वीस लाखांचा फरक दिसला तर बहुधा कारण हेच असतं.

आता महागाई. इथे तुम्ही बरोबर आहात आणि तक्ता खरंच अपुरा होता. ६ टक्के महागाई धरली तर साठाव्या वर्षीच्या १.९१ कोटींची किंमत पंचविसाव्या वर्षीच्या भावाने जेमतेम २५ लाख राहते. पण मोठी गफलत वेगळीच आहे. «तेवढीच मासिक बचत» असं आपण म्हणतो, पण ती तेवढीच नसते. ३५व्या वर्षीचे पाच हजार म्हणजे २५व्या वर्षीचे सुमारे २,८०० आणि साठाव्या वर्षीचे अवघे साडेसहाशे. हप्ता गोठवून ठेवला की पहिल्या दहा वर्षांचे हप्ते वजनदार ठरतात आणि नंतरचे आपोआप हलके होत जातात. लवकर सुरू करणाऱ्याला हा फायदा तक्त्याने फुकट दिला होता.

म्हणून बचत खरोखर सारखी करून पाहू. पहिला २५व्या वर्षी ५,०००ने सुरू करतो आणि दरवर्षी हप्ता ६ टक्क्यांनी वाढवतो. दुसरा ३५व्या वर्षी सुमारे ८,९५०ने सुरू करतो आणि तसाच वाढवत नेतो. साठीला, पंचविसाव्या वर्षीच्या भावाने, पहिल्याकडे सुमारे ४६ लाख असतात आणि दुसऱ्याकडे सुमारे २५.६ लाख. फरक २.८६ पटीवरून १.८ पटीवर आला. १.४ पट तर नुसत्या जास्त वर्षांचीच होती, त्यामुळे चक्रवाढीचं श्रेय उरलेल्या भागापुरतंच.

हाच हिशेब पीपीएफच्या ७.१ टक्क्यांवर केला तर गुणोत्तर १.४८ येतं. म्हणजे चक्रवाढीने जवळजवळ काहीच भर घातली नाही, नुसते हप्ते जास्त भरले गेले. वय काम करत नाही, परतावा आणि महागाई यांच्यातली फट काम करते, आणि वयामुळे त्या फटीला वेळ मिळतो. फट एक टक्क्याची असेल तर दहा वर्षं आधी सुरू करण्याचा फायदा किरकोळच. चार टक्क्यांची असेल तर तो डोळ्यांत भरतो. अर्थात ते १० टक्के इक्विटी फंडातून येतील ही अपेक्षा आहे, हमी नाही, आणि शेवटच्या काही वर्षांत बाजार पडला तर मोठी पुंजी असणाऱ्याचे रुपयांत जास्त बुडतात.

राहिला पाच हजारांचा प्रश्न. पहिल्या नोकरीत ते अवघड आहेत, कबूल. पण पीएफ लागू असलेल्या नोकरीत मूळ वेतन १५,००० असेल तर पगारातून १,८०० कापले जातात आणि मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जाऊन ५५० पीएफ खात्यात येतात. दरमहा २,३५० रुपये तुमच्या नकळत जमत असतात. तीन वर्षांनी, ८.२५ टक्के व्याजाने, ते ९५,००० च्या आसपास होतात.

तिथेच गडबड होते. नोकरी बदलताना ही रक्कम फार लहान वाटते आणि काढली जाते, कधी दुचाकीसाठी, कधी घराच्या अनामत रकमेसाठी. २८व्या वर्षीचे ते ९५,००० त्याच व्याजाने साठीपर्यंत राहिले तर सुमारे १२ लाख होतात, महागाई वजा जाता २८व्या वर्षीच्या भावाने १.८६ लाख. कोटींच्या तक्त्यापुढे हा आकडा फिका दिसेल, पण महागाई भागवून वर रक्कम जवळजवळ दुप्पट झालेली आहे, तीही एक रुपया नव्याने न भरता. शिवाय सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी पीएफ काढला तर तो साधारणपणे करपात्र ठरतो, आणि खातं नव्या नोकरीत वळवलं तर आधीची वर्षं त्या पाचांत धरली जातात. म्हणून नव्या ठिकाणी रुजू होताना जुनाच यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, द्या, नवा काढू देऊ नका, आणि दोन-तीन महिन्यांनी पासबुकात जुन्या खात्यातली रक्कम नव्यात आली का ते बघा. आली नसेल तर सदस्य पोर्टलवरून ट्रान्सफरचा अर्ज करा. नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर अर्ज अडकतो, ती दुरुस्ती जुनी कंपनी सोडण्याआधी करून घेणं सोपं पडतं.

मूळ लेखातला तक्ता वाढत्या हप्त्याच्या हिशेबाने बदलतो आहे. गोठवलेल्या हप्त्याचा जुना तक्ता खाली राहू देतो, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील.