अनसबस्क्राइब झालेल्यांचं बिल कोण भरतं? त्या फॉरवर्डला उत्तर

फॉरवर्ड असा आहे: «छोटे धंदेवाले घाबरू नका. ईमेल मार्केटिंगचा प्लॅन घेताना 1) कॉन्टॅक्ट म्हणजे ज्यांना मेल जाते तेवढेच, अनसबस्क्राइब झालेला आपोआप मोजणीतून जातो. 2) कॉन्टॅक्टची लिमिट सांभाळली की महिन्याला कितीही मेल पाठवा. 3) लिस्ट भरली तर अनसबस्क्राइब झालेले सरळ डिलीट मारा, जागा मोकळी.»

हे गेल्या महिन्यात तीन ग्रुपवर वाचलं, एक पेडण्याच्या होमस्टेवाल्यांचा, एक म्हापशाच्या दुकानदारांचा आणि एक आमच्या घरचाच. घरच्या ग्रुपवर ते वहिनीने टाकलं होतं, आणि तिचा मांद्र्याला होमस्टे आहे म्हणून मी गप्प बसलो नाही, कारण याच समजुतीने डिसेंबरात तिचं बिल वाढलं होतं.

पहिल्या मुद्द्यापासूनच सुरू करतो कारण खरा घोळ तिथेच आहे. प्लॅनच्या भाषेत कॉन्टॅक्ट म्हणजे मेल मिळणारा माणूस नाही, तुमच्या लिस्टमधली एक ओळ. त्या ओळीला एक स्टेटस असतं आणि कुठलं स्टेटस मोजायचं हे प्रत्येक सेवा आपापलं ठरवते. मेलचिंपचं उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे बहुतेकांनी पहिलं अकाउंट तिथेच उघडलेलं असतं. तिथे तीन प्रकार मोजले जातात, सबस्क्राइब केलेले, अनसबस्क्राइब झालेले, आणि ज्यांनी कधी मार्केटिंगला हो म्हटलंच नाही पण बुकिंग किंवा खरेदीमुळे लिस्टमध्ये आलेत ते. मोजले जात नाहीत ते `Archived` आणि `Cleaned`, यातला `Cleaned` म्हणजे ज्याचा पत्ता बाउन्स होऊन कायमचा बाद झालाय तो. म्हणजे अनसबस्क्राइब झाल्यामुळे ज्याला तुम्ही मेल पाठवूच शकत नाही त्याचेही पैसे भरताय, हे ऐकून लोकांना पटत नाही पण नियम तसाच आहे.

मग हा फॉरवर्ड निव्वळ थाप आहे का, तर नाही. मे 2019 पर्यंत मेलचिंपमध्ये खरंच फक्त सबस्क्राइब केलेलेच मोजायचे, आणि जुन्या पेड मासिक प्लॅनवर कॉन्टॅक्टच्या लिमिटमध्ये राहून हवे तेवढे मेल पाठवता यायचे. 2019 ला प्लॅन बदलले आणि दोन्ही गोष्टी गेल्या. त्याआधी कोणीतरी शिकवलेलं, कोणीतरी वहीत लिहून ठेवलेलं, तेच अजून फिरतंय. आणि दुसरं कारण असं की काही सेवांमध्ये ते आजही खरं आहे, किट म्हणजे पूर्वीचं कन्व्हर्टकिट, तिथे अनसबस्क्राइब झालेला मोजत नाहीत, आणि ब्रेव्हो, जिचं नाव 2023 च्या मे पर्यंत सेंडिनब्लू होतं, तिथे मुख्य मोजणी कॉन्टॅक्टची नाहीच, पाठवलेल्या मेलची आहे, फुकट प्लॅनवर दिवसाला 300. म्हणून एका सेवेवरचा माणूस छातीठोकपणे सांगतो आणि दुसऱ्या सेवेवरच्याला फटका बसतो, दोघंही आपल्या जागी खरं बोलत असतात.

आता वहिनीची लिस्ट बघा. तिची सेवा कुठली ते सांगत नाही पण नियम वरच्यासारखाच, तिन्ही प्रकार मोजणारा, आणि प्लॅन 2,500 कॉन्टॅक्टचा. नोव्हेंबरच्या शेवटी सबस्क्राइब केलेले 1,840, अनसबस्क्राइब झालेले 410, नुसतं बुकिंग केलेले 190, आणि बाउन्स होऊन बाद झालेले 95. ती फक्त 1,840 बघायची, कारण मेल पाठवताना स्क्रीनवर तोच आकडा येतो, आणि तिच्या मनात 660 ची जागा शिल्लक होती. खरी मोजणी 1,840 अधिक 410 अधिक 190, म्हणजे 2,440. बाद झालेले 95 सोडले. जागा होती फक्त 60 ची. डिसेंबरच्या सुरुवातीला तिने दिवाळीच्या सुट्टीत राहून गेलेल्या 120 पाहुण्यांची यादी चढवली, सगळ्यांनी चेक-इनच्या फॉर्मवर टिक करून परवानगी दिलेली, म्हणजे काम व्यवस्थितच केलेलं. आकडा झाला 2,560 आणि वरच्या 60 साठी जास्तीचा ब्लॉक, म्हणजे कॉन्टॅक्टचा ठरलेला गठ्ठा, विकत घ्यावा लागला. साठच कॉन्टॅक्ट जास्त झाले म्हणून साठाचेच पैसे घेत नाहीत, ब्लॉक अख्खा लागतो.

तिने मला फोन केला, «अरे मी तर दोन हजारांनापण मेल पाठवत नाही, हे अडीच हजार आले कुठून?» कुठून आले ते शोधायला दोन मिनिटं लागतात. लिस्टच्या पानावर वरती दोन आकडे असतात, एकूण कॉन्टॅक्ट आणि सबस्क्राइब केलेले. त्या दोघांतला फरक म्हणजे तुम्ही मेल न पाठवता ज्यांचे पैसे भरताय ते. तिथे फरक मोठा दिसला की बिलिंगच्या पानावर प्लॅनचा वापर उघडायचा आणि त्यांनी मोजलेला आकडा आपल्या बेरजेशी जुळतो का ते बघायचं. नाही जुळला तर बहुतेक वेळा एकच माणूस दोन वेगळ्या लिस्टमध्ये असतो. मेलचिंपमध्ये लिस्टला ऑडियन्स म्हणतात, तिथे दोन ऑडियन्समध्ये एकच पत्ता असला तर तो दोनदा मोजतात, किटमध्ये एकदाच. म्हणून होमस्टेची एक लिस्ट आणि स्वयंपाकाच्या क्लासची दुसरी असं करू नका, एकच लिस्ट ठेवा आणि टॅग लावा, माझं हे मत पक्कं आहे.

दुसरा मुद्दा, कितीही मेल. इथे लोक एक मेल म्हणजे एक मोहीम असं धरतात. प्लॅन मोजतो तो प्रत्येक माणसाला गेलेला प्रत्येक मेल. वहिनीचे आधीचे 1,840 आणि नवीन 120 मिळून 1,960 जणांना एक मेल पाठवली की 1,960 गेले, कोणी उघडली की नाही याचा संबंध नाही. मेलचिंपच्या पेड प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा कॉन्टॅक्टच्या लिमिटच्या पटीत असते, एसेन्शियल्सला 10 पट, स्टँडर्डला 12 पट, प्रीमियमला 15 पट. वहिनीचा प्लॅन 10 पटवाला, म्हणजे 25,000. एरवी आठवड्याला एक मेल असेल तर महिन्याला आठ हजारांच्या आतच राहतं आणि ही मर्यादा असल्याचं कळतसुद्धा नाही, म्हणूनच «कितीही पाठवा» हे लोकांना खरं वाटतं.

डिसेंबरात मात्र तिने नाताळ आणि न्यू इयरसाठी 11 मेल पाठवले. 1,960 गुणिले 11 म्हणजे 21,560. नवीन 120 जणांना स्वागताचे तीन मेल आपोआप जातात, ते 360. इथपर्यंत 21,920, अजून लिमिटच्या आतच. मग तिने तीन मोहिमा न उघडणाऱ्यांना परत पाठवल्या, दर वेळी साधारण 1,100 लोक, म्हणजे 3,300. एकूण 25,220. मर्यादा गेली, आणि तीसुद्धा त्या परत पाठवण्यामुळे, जे एक बटण दाबून होतं आणि त्याचा वेगळा आकडा कोणी वहीत लिहीत नाही. स्वागताचे आणि वाढदिवसाचे आपोआप जाणारे मेल याच खात्यात जातात हे पण लक्षात असू द्या.

अजून एक बारकावा, महिना 1 तारखेला सुरू होत नाही, बिलाच्या तारखेला होतो. तिची तारीख 5, म्हणून 2 जानेवारीला पाठवलेला मेल डिसेंबरच्याच खात्यात धरला गेला. चार दिवस थांबली असती तर चाललं असतं. आणि फुकट प्लॅनवर तर हे फारच घट्ट असतं, 2023 ला मेलचिंपचा फुकट प्लॅन 500 कॉन्टॅक्ट आणि महिन्याला 1,000 मेल असा होता, म्हणजे लिस्ट पूर्ण भरलेली असेल तर सगळ्यांना महिन्यातून फक्त दोनदा. पेड प्लॅनवर मर्यादा ओलांडली की जास्तीचे पैसे लागतात, फुकटवर पाठवणंच थांबतं. हे आकडे बदलत राहतात म्हणून आपल्या अकाउंटच्या पानावर जो दिसतो तोच धरायचा, माझा नाही आणि फॉरवर्डमधला तर नाहीच.

तिसऱ्या मुद्द्यावर मला सर्वात जास्त बोलायचंय कारण इथे पैशांपेक्षा मोठं नुकसान होतं. अनसबस्क्राइबची ओळ म्हणजे त्या माणसाने तुम्हाला दिलेला नकार लिहून ठेवलेला असतो. ती डिलीट केली की काय होतं ते सेवेवर अवलंबून. मेलचिंपमध्ये कायमचं डिलीट केलेला पत्ता तुम्ही परत इम्पोर्ट करू शकत नाही, तो माणूस स्वतः फॉर्म भरून आला तरच. म्हणजे तिथे चुकून एखादा चांगला पाहुणा डिलीट झाला तर तुमच्या हातात काही राहत नाही. उलट ज्या सेवेत डिलीट म्हणजे सगळा इतिहासच पुसला जातो, तिथे सहा महिन्यांनी तुम्ही ऑफिसमधली जुनी एक्सेल परत चढवता आणि त्यात ते 410 लोक असतातच, ते आता नवीन म्हणून सबस्क्राइब होऊन आत येतात आणि त्यांना मेल जाते. ज्याने एकदा नको म्हटलंय तो दुसऱ्यांदा अनसबस्क्राइब शोधत बसत नाही, थेट स्पॅमचं बटण दाबतो. जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून पाठवणाऱ्यांना स्पॅमची तक्रार 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलंय. म्हणजे हजार मेलला तीन तक्रारी. 410 नाराज लोकांतून तेवढ्या निघायला वेळ लागत नाही, आणि मग ज्यांना तुमचा मेल हवा असतो त्यांचाही स्पॅममध्ये जाऊन पडतो.

जागा मोकळी करायची असेल तर डिलीट नाही, `Archive` करायचं. स्टेटसचं फिल्टर लावून `Unsubscribed` निवडा, आधी ती यादी एक्सपोर्ट करून कॉम्प्युटरवर ठेवा, मग सगळे निवडून `Archive`. मोजणीतून जातात पण नकाराची नोंद राहते. वहिनीचे 410 असे काढले आणि नुसतं बुकिंग केलेल्यांतले दोन वर्षांपूर्वीचे 140 पण, त्यांचं नवीन बुकिंग आलं की ते परत येतील. 2,560 मधून 550 गेले, राहिले 2,010, म्हणजे त्याच प्लॅनमध्ये 490 ची खरी जागा झाली.

फक्त हे बिलाच्या तारखेच्या आधी करायला हवं होतं. डिसेंबरचं जास्तीचं लागलेलं परत मिळालं नाही, साफसफाई पुढच्या महिन्यापासून कामाला आली. आणि लिस्ट कमी झाली म्हणून प्लॅन आपोआप खालच्या पायरीवर येत नाही, ते तुम्हाला बिलिंगमध्ये जाऊन स्वतः बदलावं लागतं. वहिनीने आता फोनमध्ये दर महिन्याच्या 1 तारखेचं रिमाइंडर लावलंय, 5 तारखेच्या आधी फिल्टर, एक्सपोर्ट, `Archive`, आणि मगच पाहुण्यांची नवीन यादी चढवायची.