तबकडी आणि नळी: तळ्याच्या पाण्याबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

«तळ्यात सेक्की तबकडी सोडा नाहीतर नळीत पाणी भरून बघा, दोन्ही एकच. जितके सेंटीमीटर जास्त, तितकं पाणी शुद्ध. नळी काठोकाठ भरूनही खूण दिसली तर नळीची लांबी लिहून टाका. आणि शेवटी डोळ्यांनीच बघायचं, म्हणजे आकडे अंदाजपंचे!»

पहिल्याच वाक्यात घोळ आहे. तबकडी असते 20 सेंमी व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची. ती तळ्यात आहे त्या पाण्यातून, आहे त्या उजेडात खाली जाते. वरून आलेला प्रकाश तिच्यापर्यंत पोचून परत डोळ्यापर्यंत येतो, म्हणजे वरच्या सगळ्या थराचा हिशोब त्या एका आकड्यात येतो. नळीच्या बुडाशी तशीच खूण असते, पण जेमतेम चार सेंमीची; ती दिसेपर्यंत भरलेलं पाणी खालून सोडायचं आणि उरलेल्या पाण्याची उंची लिहायची. नळीत येतं ते एका जागचं, एका खोलीवरचं, ढवळलेलं पाणी. लहान खूण लवकर हरवते, नळीच्या भिंतीतून बाजूनेही उजेड शिरतो.

एक उदाहरण घेऊ. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावासारखा एखादा उथळ तलाव, पाळीजवळ पाणी 1.4 मीटर. समजा तिथे तबकडी 46 सेंमीवर दिसेनाशी झाली, वर ओढताना 42 वर पुन्हा दिसली. नोंद झाली 44. त्याच जागच्या पाण्याने नळी 31 दाखवू शकते आणि दोघांपैकी कुणीही चुकलेलं नसतं. मात्र एका महिन्यात तबकडी आणि दुसऱ्या महिन्यात नळी वापरून एकाच रकान्यात 44 आणि 31 लिहिले, तर तलाव गढूळ झाल्याचा भास होतो. बदललेलं असतं फक्त साधन. रकाने वेगळे ठेवा. नळीसोबत एनटीयूचा, म्हणजे गढूळपणाच्या एककाचा, तक्ता आला असेल तर तो त्या नळीपुरताच. तबकडीचे सेंटीमीटर त्यात घालू नका. शिवाय तो तक्ता सरळ रेषेत चालत नाही. नेहमीच्या तक्त्यात सुमारे 11 सेंमी म्हणजे 100 एनटीयू, आणि सुमारे 53 सेंमी म्हणजे 10. दहा सेंमीच्या आसपास दोन सेंमीची चूक खूप महागात पडते, पन्नास सेंमीच्या आसपास तीच चूक किरकोळ असते.

आता शुद्धतेचं. तुरटी फिरवली की हंड्यातलं पाणी नितळ होतं. विरघळलेलं नायट्रेट मात्र हंड्यातच राहतं. तबकडी आणि नळी दोघींनाही विरघळलेलं मीठ, खत, कीटकनाशक दिसत नाही, जंतूही मोजता येत नाहीत. उलटही घडतं: जलपर्णीने झाकलेल्या तळ्यात खाली ऊन पोचत नाही, शेवाळ वाढत नाही, पाणी चांगलं नितळ असतं आणि त्यातला प्राणवायू मात्र मासे मरतील इतका कमी असू शकतो.

तरीही आकड्याला अर्थ आहे, फक्त गढूळपणा कशाचा हे आधी कळायला हवं. वरच्या 44 सेंमीचंच बघा. कार्लसन या शास्त्रज्ञाने 1977 मध्ये तलाव किती पोसलेला आहे हे सांगणारा निर्देशांक, TSI, मांडला; त्यात SD म्हणजे तबकडीची नोंद, मीटरमध्ये:

```
TSI = 60 - 14.41 × ln(SD)
```

0.44 घातलं की उत्तर येतं साधारण 72, म्हणजे खतावलेला, शेवाळाने भरलेला तलाव. पण जुलैत शेतातून तांबडी माती वाहून आली तरी तबकडी 44 वरच हरवेल, सूत्र 72च सांगेल आणि ते साफ खोटं असेल. ओळखायची युक्ती सोपी आहे. पारदर्शक बाटलीत नमुना भरून रात्रभर हलवू नका. तळाशी तपकिरी थर बसला तर गाळ. पाणी हिरवंच राहिलं, किंवा वर हिरवा तवंग आला, तर शेवाळ. काहीच बसलं नाही, तवंगही नाही, पण पाणी चहासारखं दिसतंय, तर तो कुजलेल्या पानांचा रंग. तिथे तबकडी लवकर हरवते, पण पाण्यात कण फारसे नसतात. या तिन्हींसाठी नोंदवहीत एक रकाना हवाच, नाहीतर सेंटीमीटरचं पुढे काही करता येत नाही.

तिसरी सूचना सगळ्यात घातक, कारण ती निरुपद्रवी वाटते. 60 सेंमीच्या नळीत खूण दिसतच राहिली तर नोंद «>60» अशी करायची, 60 नव्हे. तबकडी हरवण्याआधीच तळाला टेकली, तर तेव्हाही तसंच: «>85, तळ लागला». उन्हाळ्यात पाणी ओसरलेल्या तलावात हे हमखास होतं. समजा चार महिन्यांच्या नोंदी 22, 35, >60, >60 आहेत. «पेक्षा जास्त»चं चिन्ह पुसून सरासरी काढली की 44 येते, आणि शेवटच्या दोन महिन्यांत सुधारणा थांबली असं दिसतं. खरं तर तिथे तलाव नाही, नळी संपलेली असते. अशा नोंदी असतील तर सरासरी काढूच नका. किती वेळा मर्यादा ओलांडली ते मोजा, किंवा 120 सेंमीची नळी आणा.

राहिला अंदाजपंचेचा आरोप. डोळा हे साधन आहे आणि त्याच्या चुका ठरलेल्या आहेत, म्हणून त्या काढताही येतात. तबकडी खाली जाताना नजर तिचा पाठलाग करते, त्यामुळे ती जरा जास्त खोलवर दिसत राहते; वर येताना नजरेला ती शोधावी लागते. म्हणूनच हरवण्याची आणि पुन्हा दिसण्याची खोली दोन्ही घेऊन मधली लिहायची. वेळ सकाळी 10 ते दुपारी 3, गॉगल काढून, पाण्यावर चकाकी नसेल अशा सावलीच्या बाजूने.

बाकीच्या बहुतेक चुका दोरीच्या असतात. सुती दोरी भिजली की आखडते, नायलॉनची ताणते. फायबरची मोजपट्टी बांधली की प्रश्न मिटतो. पट्टीचं शून्य तबकडीच्या वरच्या पृष्ठभागावर हवं. गाठीपासून मोजलं तर प्रत्येक नोंद तीन-चार सेंमीने चुकते, आणि दरवेळी तेवढीच चुकत असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. खाली अर्धा-एक किलो वजन लावा. दोरी ओळंब्यासारखी सरळ उभी राहिली पाहिजे. वाऱ्याने ती तिरकी झाली तर वाढलेली खोली खोटी. रंग मॅट घ्या, चकचकीत ऑइलपेंट उजेड परतवतो.

नळीचं दुखणं वेगळं. तांब्याने वरवरचं पाणी घेतलं तर तवंगच नळीत येतो. बाटली उपडी करून कोपरभर खोल न्या, तिथे सुलटी करा. काठावर पाय घालून गाळ उठवू नका. ओतताना नळी तिरकी धरा, कारण बुडबुडेही प्रकाश विखुरतात. खालच्या चिमट्यातून पाणी फार हळू सोडलं तर तेवढ्यात गाळ खुणेवर बसतो आणि ती झाकली जाते; अशा वेळी पाणी परत बादलीत ओतून, ढवळून पुन्हा भरा. नळी स्वतःच्या सावलीत धरायची, पाठ उन्हाकडे.

तिघांनी एकमेकांचा आकडा न ऐकता नळी वाचली आणि 30, 31, 33 आले, तर मधला 31 लिहा. 24, 31, 38 आले तर तिघांनाही पुन्हा वाचायला लावा. बहुधा एकजण उन्हात उभा असतो, किंवा कुणीतरी न ढवळलेल्या बादलीतून पाणी घेतलेलं असतं.